एकाच रोख्याच्या तीन किमती: 93.80, 58.80 आणि 77.57

2023 च्या मध्यावर नाशिकच्या एका कारखान्याच्या भविष्यनिर्वाह ट्रस्टकडून मला फोन आला. ट्रस्टकडे वाहनकर्जं देणाऱ्या एका मध्यम आकाराच्या वित्त कंपनीचे पाच कोटी दर्शनी मूल्याचे रोखे होते. व्याज 9 टक्के, वर्षातून एकदा. मुदत संपायला बरोबर चार वर्षं बाकी. कंपनीबद्दल बाजारात कुजबुज सुरू झाली होती आणि मुंबईच्या एका ब्रोकरने शंभराला 72 असा भाव सांगितला होता. विकायचं की नाही हा प्रश्न पुढचा. त्याआधी विश्वस्तांची बैठक वेगळ्याच कारणाने अडली होती. ट्रस्टच्या कागदांवर याच रोख्याच्या दोन किमती होत्या आणि त्यांत पस्तीस रुपयांचं अंतर होतं. कंपनीचं नाव इथे सांगत नाही आणि आकडे हिशेबाला सोपे पडतील असे थोडे गोल केले आहेत, पण गोष्ट तीच आहे.

पहिली किंमत अकाउंटंटसाहेबांच्या तक्त्यातली, 93.80. पद्धत नेहमीची: त्या मुदतीच्या सरकारी रोख्याचा परतावा 7 टक्के, कंपनीच्या पतमानांकनाला तक्त्यात दिलेला स्प्रेड, म्हणजे सरकारी दरावर मागायचा जादा दर, 4 टक्के, एकूण 11. चारही वर्षांचं व्याज आणि शेवटचं मुद्दल या 11 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणायचं. गणितात चूक नव्हती. फक्त पतमानांकन जुनं होतं. मानांकन संस्था पायरी पायरीने खाली उतरते, बाजार एका दुपारीत उतरतो.

दुसरी किंमत लेखापरीक्षकांच्या एका तरुण सहकाऱ्याने काढली होती. त्याने म्हटलं, तक्ता कशाला, बाजार काय म्हणतो ते बघू. त्याच कंपनीचा, तेवढ्याच 9 टक्क्यांचा आणि तशाच तारणाचा, पण एका वर्षात परत येणारा रोखा गेल्या आठवड्यात एक्सचेंजवर 85.75 ला विकला गेल्याची नोंद होती. वर्षाने 109 मिळणार आणि आज 85.75 द्यायचे, म्हणजे परतावा 27.1 टक्के. "बाजार या कंपनीकडून 27 टक्के मागतोय," असं म्हणून त्याने आपल्या चार वर्षांच्या रोख्यालाही 27.1 टक्के लावले. उत्तर आलं 58.80.

त्याचं पहिलं पाऊल अगदी बरोबर होतं. दुसरं का चुकलं, याभोवतीच हे सगळं प्रकरण फिरतं.

27 टक्क्यांच्या पोटात काय आहे

27.1 टक्के हा परतावा कोणालाही मिळणार नाही असं नव्हे. कंपनीने पैसे दिले तर मिळेल. पण तो व्याजदर नव्हे. कंपनी कदाचित पैसे देणार नाही, ही एक घटना आहे, आणि ती दराच्या कपड्यात गुंडाळून ठेवली आहे. कपडा सोडून आतली घटना वेगळी पाहायची असेल तर तीन गोष्टी लागतात: जोखीम नसलेला दर, कंपनी बुडाली तर हाती काय पडेल, आणि ती बुडण्याची शक्यता.

दर आपल्याकडे आहे. त्या वर्षी एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या सरकारी परताव्यात फार फरक नव्हता, म्हणून सगळ्या मुदतींना 7 टक्के धरले तरी चालत होतं.

बुडाल्यावर हाती काय पडेल, म्हणजे रिकव्हरी, हा अंदाजाचा भाग. आपल्याकडे वित्त कंपनीच्या दिवाळखोरीचं मोठं आणि पूर्ण झालेलं उदाहरण डीएचएफएलचं. 2019 च्या शेवटी ती प्रक्रियेत गेली आणि सप्टेंबर 2021 मध्ये पिरामलकडे आली. सुमारे 87 हजार कोटींच्या दाव्यांपोटी कर्जदात्यांच्या हाती 38 हजार कोटींच्या आसपास पडले, म्हणजे शंभराला साधारण 44. पण ते जवळपास दोन वर्षांनी. 7 टक्क्यांनी दोन वर्षं मागे आणले तर त्याचे 38 होतात. एका उदाहरणावरून नियम बनवू नये हे खरं, तरी तारण असलेल्या रोख्याला 40 धरणं मला तेव्हा वाजवी वाटलं. या 40 ला किती महत्त्व द्यायचं ते पुढे येईल.

आता शक्यता. एक वर्षाच्या रोख्याचा खरेदीदार 85.75 देतो. तेच पैसे सरकारी कागदात ठेवले असते तर वर्षाने 91.75 झाले असते. म्हणजे त्याच्या मनातली सरासरी वसुली 91.75 आहे. कंपनी तगली तर 109, बुडाली तर 40, फरक 69. सरासरी 109 वरून 91.75 पर्यंत, म्हणजे 17.25 ने, खाली यायची असेल तर बुडण्याची शक्यता 17.25 भागिले 69, बरोबर 25 टक्के. चारात एकदा.

इथे एक पाठ केलेलं सूत्र बरेच जण वापरतात: स्प्रेड भागिले नुकसानीचं प्रमाण. स्प्रेड 20.1, नुकसान 60 टक्के, म्हणजे शक्यता 33.5 टक्के. हे सूत्र दीड-दोन टक्क्यांच्या स्प्रेडला छान चालतं, पण अडचणीतल्या कंपनीला लावलं की भलतंच मोठं उत्तर देतं. कारण दोन. बुडीत वर्षाचं 9 रुपये व्याजही जातं, म्हणजे नुकसान 60 नसून 109 मागे 69 आहे; आणि 20.1 हा स्प्रेड आधीच घसरलेल्या किमतीवर मोजलेला असल्यामुळे फुगून दिसतो. स्प्रेड दोन आकडी झाला की सूत्र बाजूला ठेवून वरचा 109 आणि 40 चा हिशेबच करावा.

दुसरं वर्ष पहिल्यासारखं नसतं

एक वर्षाच्या रोख्याने पहिल्या वर्षाबद्दल सांगितलं. पुढच्या तीन वर्षांबद्दल तो मुका आहे. सहकाऱ्याची गफलत इथेच झाली: 27.1 टक्के चारही वर्षांना लावले, म्हणजे पहिल्या वर्षाची भीती त्याने चार वेळा मोजली.

सुदैवाने कंपनीचा दोन वर्षांचाही एक रोखा होता, तेच 9 टक्के व्याज, आणि त्याचा सौदा 82.54 ला नोंदलेला होता. त्याचा परतावा निघतो 20.5 टक्के. म्हणजे एका वर्षाला 27.1 आणि दोन वर्षांना 20.5: मुदत वाढली की परतावा कमी! हे पाहून विश्वस्तांपैकी एकजण म्हणाले, "मग एक वर्षाचाच स्वस्त आहे की, तोच घ्यावा." नाही. कंपनी उद्या बुडाली तर एक वर्षाचा, दोन वर्षांचा आणि चार वर्षांचा, सगळे एकाच दिवशी बुडतात आणि सगळे 40 ला येऊन थांबतात. एक हप्ता चुकला की बाकीचे कर्जदातेही सगळी रक्कम एकदम मागू शकतात असं कलम करारांत असतं. बुडण्याची तीच एक धास्ती वर्षभरात वसूल करायची तर परतावा मोठा दिसतो, चार वर्षांवर पसरली की लहान दिसतो. परताव्याची उलटी रेषा म्हणजे जवळच्या काळातल्या भीतीची खूण.

दोन वर्षांच्या रोख्यातून दुसऱ्या वर्षाची शक्यता अशी सोडवली. पहिल्या वर्षाच्या शेवटी 75 टक्के शक्यतेने 9 रुपये आणि 25 टक्के शक्यतेने 40, सरासरी 16.75, आजची किंमत 15.65. ते 82.54 मधून वजा केले की 66.89 उरतात, आणि हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी येणाऱ्या पैशांचं आजचं मोल. 7 टक्क्यांनी दोन वर्षं पुढे नेले की 76.58. हे पैसे कंपनी पहिलं वर्ष तगली तरच आहेत, म्हणून 0.75 ने भागायचं: 102.1. पुन्हा तोच प्रश्न: 109 आणि 40 यांची सरासरी 102.1 कधी येते? शक्यता 10 टक्के असताना.

पहिल्या वर्षी 25, आणि ते पार पडलं तर दुसऱ्या वर्षी फक्त 10. हे आकडे कंपनीच्या ताळेबंदाशी जुळतात का, हे मी लगेच तपासलं, कारण जुळले नसते तर दोनपैकी एक सौदा कोणाच्या तरी नडीचा असणार. जुळले. कंपनीने अल्पमुदतीचे कमर्शियल पेपर आणि बँकांची कर्जं उचलून तीन-चार वर्षांची वाहनकर्जं दिली होती, आणि परतफेडीचा मोठा गठ्ठा येत्या मार्चपर्यंत होता. तो खड्डा ओलांडला तर ट्रकमालकांचे हप्ते महिन्याला येतच राहणार होते. बाजार नेमकं तेवढंच म्हणत होता: हे वर्ष काढलं तर बरीचशी सुटली.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासाठी कोणताही सौदा नव्हता. तिथे 10 टक्केच पुढे चालू ठेवले. हा माझा निर्णय, बाजाराचा नव्हे, आणि टिपणात मी तसंच लिहिलं.

चार वर्षांचा रोखा उघडून

आता प्रत्येक वर्षासाठी दोन प्रश्न विचारायचे. कंपनी इथवर तगली असण्याची शक्यता किती? आणि नेमकी याच वर्षी बुडण्याची किती? पहिल्या शक्यतेने व्याज-मुद्दल मिळतं, दुसरीने 40. बेरीज 7 टक्क्यांनी मागे आणायची. जोखीम शक्यतांमध्ये आली, त्यामुळे दरात तिला परत घालायचं नाही.

| वर्ष | अखेरीस तगलेली | त्या वर्षी बुडालेली | अपेक्षित रक्कम | आजची किंमत |
|---|---|---|---|---|
| 1 | 75.0% | 25.0% | 16.75 | 15.65 |
| 2 | 67.5% | 7.5% | 9.08 | 7.93 |
| 3 | 60.75% | 6.75% | 8.17 | 6.67 |
| 4 | 54.68% | 6.08% | 62.03 | 47.32 |

एकूण 77.57. ज्यांना स्वतः करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी:

```python
S, price = 1.0, 0.0
for t, p in enumerate([0.25, 0.10, 0.10, 0.10], 1):
    cash = 9 + (100 if t == 4 else 0)
    price += (S*(1-p)*cash + S*p*40) / 1.07**t
    S *= 1 - p
print(round(price, 2), round(S, 3))   # 77.57 0.547
```

या किमतीचा परतावा काढला तर 17.2 टक्के येतो, आणि स्प्रेड 10.2. म्हणजे स्प्रेड शेवटी निघतोच, पण तो प्रत्येक मुदतीला वेगळा असतो आणि शक्यतांचा परिणाम म्हणून निघतो. 20.1 हा एका वर्षाचा स्प्रेड होता. तो "कंपनीचा स्प्रेड" समजला की 58.80 हातात येतात.

58.80 आणि 77.57 मधलं अंतर सगळं एकाच चुकीचं नाही, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या तरुणावर अन्याय होईल. समजा बाजार खरोखरच दरवर्षी 25 टक्के शक्यता मानतो. वरच्या कोडात चारही जागी 0.25 घाला: किंमत 63.85 येते. म्हणजे अगदी तितकीच भीती चार वर्षं कायम ठेवली तरी 58.80 खूपच कमी आहे. हे पाच रुपये कुठून आले? एकच दर लावताना आपण नकळत असं मानतो की बुडाल्यावर त्या दिवशीच्या बाजारभावाचा ठरावीक हिस्सा मिळेल. प्रत्यक्षात दावा दर्शनी मुद्दलावर असतो. 60 ला घसरलेला रोखा बुडाला तर 40 मिळतात, म्हणजे धारकाचं एकतृतीयांशच जातं. 95 चा रोखा बुडाला तर निम्म्याहून जास्त. किंमत जितकी खाली, तितका 40 चा तळ जवळ. एका दराला हा तळ दिसत नाही. उरलेलं 63.85 ते 77.57 हे अंतर मात्र 25 नंतर 10 धरण्याचं आहे, आणि त्यावर वाद घालायला जागा आहे.

40 ऐवजी 25 धरले तर?

विश्वस्तांच्या बैठकीत सर्वांत टोकदार प्रश्न हाच आला, आणि तो निवृत्त फोरमन असलेल्या विश्वस्तांनी विचारला: "साहेब, हे चाळीस तुम्ही आणले कुठून? पंचवीसच मिळाले तर?"

घाईत कोणीही करील ते मी आधी फळ्यावर केलं. शक्यता त्याच ठेवल्या, 40 च्या जागी 25 घातले. किंमत 77.57 वरून 71.56 झाली. सहा रुपयांचा फरक, पाच कोटींवर तीस लाख. मग सांगितलं की हे उत्तर चूक आहे.

का, तर 25 टक्के शक्यता 40 रिकव्हरी धरूनच काढली होती. एक वर्षाचा रोखा बाजारात 85.75 लाच विकला गेला आहे, तो सौदा माझ्या गृहीतकाने बदलत नाही. रिकव्हरी 25 असेल आणि तरीही लोक 85.75 देत असतील, तर याचा अर्थ ते कंपनी बुडण्याची शक्यता कमी मानतात. पुन्हा सोडवलं: 17.25 भागिले 84, म्हणजे पहिल्या वर्षी 20.5 टक्के, दोन वर्षांच्या रोख्यावरून दुसऱ्या वर्षी 7.9 टक्के. या नव्या शक्यतांनी चार वर्षांच्या रोख्याची किंमत आली 77.40. सतरा पैशांचा फरक.

मला या पद्धतीतली ही गोष्ट सगळ्यात उपयोगाची वाटते. रिकव्हरी आणि शक्यता बाजारभावातून वेगवेगळ्या वाचता येत नाहीत, त्यांचा जोडीनेच अंदाज येतो. त्यामुळे किंमत काढायची असेल तर रिकव्हरीच्या अंदाजाने फारसं बिघडत नाही, फक्त एक बदलली की दुसरी पुन्हा सोडवली पाहिजे. पण "ही कंपनी चार वर्षं टिकेल का?" असा प्रश्न असेल तर सावध राहावं: 40 धरले तर टिकण्याची शक्यता 55 टक्के, 25 धरले तर 62. एखाद्याच्या तक्त्यात रिकव्हरीच्या खान्याला हात लावला आणि एक वर्षाच्या रोख्याची किंमत 85.75 वरून हलली, तर समजावं की त्याने जोडी तोडली आहे. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि मी अनेक तक्ते तिथेच पडलेले पाहिले आहेत.

अर्थात याला मर्यादा आहे. रोखा 50 च्या खाली व्यवहारात असेल तर बाजार जवळपास फक्त रिकव्हरीचीच किंमत लावत असतो, आणि मग 25 की 40 हाच सगळा प्रश्न होतो. तारणाचा दर्जा वेगळा असेल तरीही जोडी जमत नाही. विनातारण रोख्याच्या भावावरून तारणवाल्याची किंमत काढताना दोघांना वेगळी रिकव्हरी द्यावीच लागते. म्हणून मी सुरुवातीलाच तिन्ही रोख्यांची माहितीपत्रकं काढून तारणाचं पान पाहिलं होतं.

आणखी एक खुलासा अकाउंटंटसाहेबांसाठी करावा लागला. ते मानांकन संस्थांचे डिफॉल्टचे अहवाल घेऊन आले होते आणि म्हणाले, इतक्या वाईट मानांकनालाही वर्षात 25 टक्के डिफॉल्ट दिसत नाही. बरोबर आहे. आपला 25 हा किमतीतून काढलेला आकडा आहे. त्यात खरी शक्यता आहे, ती जोखीम अंगावर घेण्याचा मोबदला आहे, आणि असा कागद हवा तेव्हा विकता येत नाही त्याचीही भरपाई आहे. बाजारभाव काढायला हाच आकडा लागतो. अहवालातली शक्यता या गणितात घातली तर किंमत फाजील मोठी येईल.

72 चा भाव

आता ब्रोकरच्या 72 कडे. पहिल्या वर्षी 25 टक्के कायम ठेवून, पुढच्या वर्षांत किती शक्यता धरली तर 72 येतात हे काढलं: दरवर्षी 15.5 टक्के. दोन वर्षांच्या रोख्याचा सौदा दुसऱ्या वर्षासाठी 10 सांगत होता. म्हणजे खरेदीदार एकतर तिसऱ्या-चौथ्या वर्षाला जास्त घाबरत होता, किंवा ट्रस्टला घाई आहे हे त्याला कळलं होतं. भाव करताना ट्रस्टने नेमकं एवढंच विचारलं, की तुमच्याच बाजारात दोन वर्षांचा 82.54 ला गेला, मग आमच्यात अशी कुठली भीती आहे जी त्यात नव्हती? दोन दिवसांनी 75 आले. ट्रस्टने तीन कोटींचे रोखे विकले आणि दोन कोटींचे ठेवले. किंमत मॉडेलपेक्षा अडीच रुपये कमी होती, पण कामगारांच्या पैशात पंचावन्न-पंचेचाळीसची पैज पाच कोटींनी खेळणं विश्वस्तांना नको होतं, आणि मलाही त्यांना तसं सुचवावंसं वाटलं नाही. ठेवलेले रोखे ताळेबंदात 77.57 ऐवजी 75 ने धरले. स्वतःचाच सौदा समोर असताना मॉडेल कशाला.

पुढच्या वर्षी कंपनीने मार्चचा गठ्ठा फेडला आणि एक वर्षाचा रोखा पूर्ण पैशांनी परत आला. अकाउंटंटसाहेबांचा फोन: "तुमचे 25 टक्के चुकले की!" चारात तीनदा असंच व्हायचं होतं, असं मी म्हटलं, पण त्यांना खरं पटलं ते उरलेल्या रोख्याच्या नव्या किमतीने. पहिलं वर्ष गळून पडलं, दर 7 टक्केच आणि शक्यता दरवर्षी 10 टक्केच धरली, तर तीन वर्षं उरलेला तोच रोखा आता 88.33 चा होता, वर 9 रुपये व्याज हातात आलेलं. 77.57 वर हा 25.5 टक्के परतावा. कंपनी बुडाली असती तर 40, म्हणजे 48 टक्के तोटा. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे या वर्षात 17.2 टक्के कुठल्याच वाटेने मिळणार नव्हते." मग त्यांनी तक्त्यातल्या "परतावा" या खान्याशेजारी दोन नवे खाने आखले: तगली तर, आणि बुडाली तर.